कावळ्याने गोटी टाकली

दिवाळी झाली की आमच्या शाळेचा पट वाढतो. रत्नागिरीच्या आसपास हापूसच्या बागांत राखणीला, फवारणीला आणि पुढे काढणीला नेपाळहून माणसं येतात. इथे त्यांना सगळे सरसकट 'गुरखे' म्हणतात, मग ती माणसं थारू असोत नाहीतर आणखी कोणी. मोहोराच्या सुमाराला येतात, बागेतच एखाद्या खोलीत राहतात आणि पाऊस तोंडावर आला की बरीचशी परत जातात. काही मात्र बारमाही इथेच. त्यांच्याबरोबर मुलं येतात आणि ती जवळच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत, म्हणजे आमच्याकडे, येतात.

शिक्षण हक्क कायदा 2009 सालचा. त्यात मुलाला त्याच्या वयाच्या वर्गात बसवायचं आणि मागे राहिलेलं वेगळं शिकवून भरून काढायचं, अशी तरतूद आहे. तरतूद चांगलीच आहे, पण प्रत्यक्षात दहा वर्षांचा मुलगा नोव्हेंबरात चौथी-पाचवीत येऊन बसतो आणि त्याला मराठीतलं 'बस खाली'सुद्धा कळत नाही. त्यातून एक चकवा असा, की नेपाळी देवनागरीतच लिहितात. गावाकडे दोन-तीन इयत्ता शिकून आलेला मुलगा मराठीचं पुस्तक हातात दिलं की घडाघडा वाचतो. बघणाऱ्याला वाटतं, छान, वाचता येतंय की! त्याला विचारा, काय वाचलंस? तो हसतो. अक्षरं सगळी ओळखीची आणि अर्थ एकाचाही नाही.

बोलायला ही मुलं लवकर शिकतात, त्याची मला काळजी नाही. मैदानावर लगोरी आणि क्रिकेट खेळताना 'माझी बारी', 'आऊट नाय' हे आठवडाभरात तोंडी बसतं. थिबा राजाची नात टुटू इथे रत्नागिरीतच मराठी बोलत म्हातारी झाली, तिला काही कोणी शब्दार्थ लिहून दिले नव्हते. पण मैदानावरच्या मराठीत क्रियापद तोंडात गिळलं तरी चालतं. वाचायला बसलं की तेच अडतं. म्हणून मी एका पानाची एक गोष्ट लिहायला घेतली. तिच्यात वाक्यं तीच तीच यावीत, शेवटी तात्पर्य असावं आणि खाली शब्दांचे अर्थ. हे पान आता बरीच वर्षं वापरात आहे, दर हिवाळ्याला त्यात काहीतरी बदलतं.

गोष्ट कोणती घ्यायची, हा पहिला प्रश्न. इसापाच्या गोष्टी मराठी शाळेत आल्या त्याला दोनशे वर्षं होत आली. सदाशिव काशीनाथ छत्रे यांची इसपनीती 1828 सालची. तेव्हापासून लहानांना वाचायला शिकवायचं म्हटलं की मास्तरांचा हात आपोआप त्या कपाटाकडे जातो. माझाही गेला. 'कोल्हा आणि द्राक्षं' छोटी आहे, सोपी आहे, कोल्हा उड्या मारतो त्यामुळे वाक्यं आपसूकच परत परत येतात. द्राक्षं आमच्याकडे होत नाहीत, तर द्राक्षांच्या जागी आंब्याचा घोस घालावा, असा विचार मनात आला होता. ही गोष्ट बागेतल्या मुलांपुढे तोंडी सांगितली की ती लगेच विचारतात, कोणता महिना? जानेवारीत झाडावर आहे ती कैरी, आणि कैरी आंबटच असते. मग कोल्हा खोटं कुठे बोलला? त्यांच्या हिशेबाने कोल्हा शहाणा, पिकायची वाट न बघता उड्या मारल्या एवढंच काय ते चुकलं. वाद मोठा रंगतो, पण ज्याला भाषा येत नाही त्याच्या हाती शेवटी काही लागत नाही. नवशिक्याच्या गोष्टीतलं तात्पर्य वादाचं असून चालत नाही. डोळ्यांना दिसलं पाहिजे.

तहानलेल्या कावळ्यात ते दिसतं. दगड टाकला, पाणी वर आलं. शिवाय ही गोष्ट नेपाळातल्या मुलांच्या कानावरून आधीच गेलेली असते. 'काग' म्हटलं, ढुंगा म्हटलं, घैंटो म्हटलं की मोठी मुलं लगेच मान हलवतात. पुढे काय होणार हे माहीत असलं की मुलाचं सगळं लक्ष वाक्याकडे राहतं.

सध्या पान असं आहे:

ऊन होतं. खूप ऊन होतं.
कावळ्याला तहान लागली.
कावळा विहिरीवर गेला. तिथे पाणी नव्हतं.
कावळा पऱ्यावर गेला. तिथे पाणी नव्हतं.
कावळा नळावर गेला. तिथे पाणी नव्हतं.
कावळा अंगणात गेला. तिथे मडकं होतं.
मडक्यात पाणी होतं. पण पाणी खाली होतं.
कावळ्याने चोच घातली. चोच पोचली नाही.
कावळ्याने दगड टाकला. पाणी थोडं वर आलं.
कावळ्याने गोटी टाकली. पाणी थोडं वर आलं.
कावळ्याने पान टाकलं. पाणी वर आलं नाही.
कावळ्याने दगड टाकला. पाणी थोडं वर आलं.
कावळ्याने दगड टाकला. पाणी थोडं वर आलं.
कावळ्याने चोच घातली. चोच पोचली.
कावळ्याची तहान गेली.

तात्पर्य: थोडं थोडं आलं, पुष्कळ आलं.

वाचणाऱ्याला हे कंटाळवाणं वाटेल. वाटू दे. यात एका वेळी एकच जागा बदलते, बाकी वाक्य जागच्या जागी राहतं. विहीर, पऱ्या, नळ या तीन ओळींत फक्त जागेचं नाव बदलतं आणि 'तिथे पाणी नव्हतं' हे तसंच राहतं. पहिल्या दिवशी मुलाकडून मी एवढंच मागते. पहिलं वाक्य मी म्हणते, दुसरं त्याने म्हणायचं. 'कावळा विहिरीवर गेला.' 'तिथे पाणी नव्हतं.' तिसऱ्या ओळीला तो माझ्या आधीच सुरू होतो. वर्गातल्या इतर मुलांसमोर मराठीतलं एक पूर्ण वाक्य, तेही योग्य जागी, त्याच्या तोंडून गेलेलं असतं.

पुढचा भाग कठीण, आणि हे पान खरं त्याच्यासाठीच आहे. नेपाळीतही भूतकाळात करणाऱ्याला प्रत्यय लागतो. आपलं 'कावळ्याने', त्यांचं 'कागले'. त्यामुळे '-ने' त्यांना परका वाटत नाही, आनंदाने लावतात. अडचण क्रियापदात आहे. नेपाळीत क्रियापद कावळ्याकडे बघून चालतं. कागले दगड टाको, गोटी टाको की पान टाको, क्रियापदाचं रूप तेच. मराठीत 'कावळ्याने' म्हटलं की कावळ्याचा क्रियापदावरचा हक्क संपला. आता ते टाकलेल्या वस्तूकडे बघणार: दगड टाकला, गोटी टाकली, पान टाकलं. घरात मराठी बोलणाऱ्या मुलाला हे कोणी शिकवत नाही आणि त्याचं चुकतही नाही. नेपाळी मुलगा मात्र हमखास 'कावळ्याने गोटी टाकला' म्हणतो. नियम सांगून हे सुटत नाही. कर्मणी प्रयोग म्हणजे काय, हे आमच्या सातवीतल्या मुलांनाही परीक्षेपुरतंच आठवतं. म्हणून वस्तू निवडतानाच एक पुल्लिंगी, एक स्त्रीलिंगी, एक नपुंसकलिंगी अशी निवडली, आणि प्रत्येक वस्तू खरीखुरी हातात देता येईल अशी.

अनेकवचन मुद्दाम बाहेर ठेवलं आहे. 'पानं टाकली' आणि 'गोटी टाकली' यांत क्रियापद एकच दिसतं, आणि जे नुकतं कुठे जुळत असतं ते पुन्हा विस्कटतं. त्याच कारणाने मी 'टाकलं' असा अनुस्वार ठेवते, पुस्तकी 'टाकले' नाही. 'पान टाकले' लिहिलं तर पुढे कधीतरी 'दगड टाकले' येणारच आहे, आणि मुलाने कशावरून ओळखायचं? आमच्याकडे आलेल्या एका साहेबांना हे अशुद्ध वाटलं. मी म्हटलं, साहेब, मुलगा मैदानावर जे ऐकतो तेच कागदावर दिसलं तर त्याचा विश्वास बसतो. पुस्तकी रूप जूनमध्ये शिकवू, राहिला तर.

शेवटच्या वाक्याचीही अशीच गोष्ट. 'कावळा पाणी प्यायला' असा शेवट कोणीही करेल. पण तिथे मराठीने पुन्हा खोडी काढून ठेवली आहे: खाल्लं की 'कावळ्याने', प्यायला की नुसता 'कावळा'. सात ओळी 'कावळ्याने, कावळ्याने' घोकलेलं मूल तिथे 'कावळ्याने पाणी प्यायलं' म्हणणार, आणि त्याच्या बाजूने ते बरोबरच आहे. अपवाद शिकवायला अख्खं वर्ष पडलंय. म्हणून 'कावळ्याची तहान गेली' असं केलं. सुरुवातीला तहान लागली, शेवटी तहान गेली. एक नवा शब्दही कमी झाला.

आता पानाची ओळ. म्हणजे झाडाचं पान. या सगळ्या कागदातली माझी आवडती ओळ तीच. मूळ गोष्टीत कावळा दगडच टाकतो. मी पान घातलं ते एक तर नपुंसकलिंगी वस्तू हवी होती म्हणून, आणि दुसरं कारण जास्त मोठं आहे. तेच तेच वाक्य म्हणताना मूल चालीवर जातं. 'पाणी थोडं वर आलं' हे इतकं गोड बसतं की समोर काहीही केलं तरी ते त्याच चालीत म्हणत राहतं. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, काय मस्त शिकलंय! ते समजून बोलतंय की नुसतं गातंय, हे ओळखायचं कसं? साचा एकदा मोडायचा. मी बरणीत पान टाकते आणि गप्प राहते. पान तरंगतं. गाणारं मूल म्हणतं, 'पाणी थोडं वर आलं.' समजून बोलणारं थांबतं, बरणीकडे बघतं आणि म्हणतं, 'वर आलं नाही.' किंवा नुसतंच 'नाही' म्हणतं. मला तेही चालतं.

बरणीबद्दल थोडं सांगायला हवं, कारण हा प्रयोग वाटतो तितका सरळ नाही. मडक्यात आतलं दिसत नाही, म्हणून वर्गात पारदर्शक भांडं लागतं. ते अरुंद हवं. मोठ्या तोंडाच्या लोणच्याच्या बरणीत एखादी गोटी टाकली तर पाणी हललेलंही कळत नाही, आणि मग मुलाने 'थोडं वर आलं' म्हणायचं ते माझ्या शब्दावर विश्वास ठेवून. मला ते नको. तीन बोटं आडवी मावतील एवढ्याच तोंडाचा उंच ग्लास, आवळ्याएवढे गोटे, आणि नेहमीची नव्हे तर मोठी गोटी, एवढं असलं की प्रत्येक वेळी पाणी चढलेलं डोळ्यांना दिसतं. पाण्याच्या पातळीवर बाहेरून स्केचपेनने रेघ मारायची. दगड टाकला, नवी रेघ. पान टाकलं, रेघ जुनीच. न्याय रेघ करते, बाईंनी सांगायची गरज पडत नाही.

गोटे पऱ्यातले, काळे, गुळगुळीत घ्यायचे. एकदा मुलं आवारातलेच जांभ्याचे तुकडे उचलून घेऊन आली. इथे पायाखाली जांभाच, काळा दगड शोधायला जावं लागतं. जांभा सच्छिद्र. पाण्यात पडला की बुडबुडे सोडायला लागतो. पाणी वर आलं, रेघ मारली, आणि थोड्या वेळाने बघतो तर पाणी रेघेच्या किंचित खाली. दगडाने ते पिऊन टाकलं होतं. थारू घरातली एक मुलगी, जी तोवर वर्गात जवळजवळ बोलतच नसे, ती ग्लासाला नाक लावून बसली होती. ती म्हणाली, 'पाणी खाली गेलं.' हे वाक्य पानावर कुठेच नव्हतं. 'खाली' वरच्या ओळीतला, 'गेला' कावळ्याच्या ओळीतला, आणि 'गेलं' तिने स्वतः पाण्याला जुळवून घेतलेलं. तेव्हापासून जांभ्याचा एक तुकडा मी मुद्दाम ठेवते, पण दुसऱ्या आठवड्यासाठी.

आणखी एक अडचण पाण्याच्या मापाची. गोष्टीत सांगत नाहीत, पण कावळ्याची युक्ती दर वेळी चालत नाही. गोट्यांमध्ये फटी राहतात. साधारण सारख्या आकाराच्या गोट्यांनी भांडं भरलं तर ढोबळ मानाने पाच भागांतले दोन भाग फटीच असतात. सुरुवातीचं पाणी त्याहून कमी असेल तर गोटे भांड्याच्या तोंडापर्यंत येतात आणि पाणी खालच्या फटींतच बसतं. पाव ग्लास पाणी घेऊन हे करून पाहिलं, तर कावळा तहानलेलाच राहतो. अर्धा ग्लास घेतला तर पाणी काठाला येतं. त्यामुळे गोष्ट सांगताना अर्धा ग्लास. मोठ्या वर्गातल्या मुलांना पाव ग्लास देऊन 'का नाही आलं?' म्हणून सोडून द्यायचं. केंब्रिजला ख्रिस्तोफर बर्ड आणि नेथन एमरी या दोघांनी 2009 साली कावळ्याच्या जातकुळीतल्या रूक पक्ष्यांपुढे अशीच पाण्याची नळी आणि दगड ठेवले होते. पाण्यावर अळी तरंगत होती. पक्ष्यांनी दगड टाकून पाणी वर आणलं आणि अळी खाल्ली. हे पाचवीच्या वर्गात सांगितलं तर एकाने विचारलं, त्यांनी पान टाकलं का? ते काही मला सांगता आलं नाही.

शब्दार्थांकडे वळते. गोष्टीच्या खाली शब्द द्यायचे ते कोशात देतात तसे देऊन उपयोग नसतो. मुलाला पानावर 'मडक्यात' दिसतं, खाली 'मडकं' शोधायला गेलं तर दोन्ही एकच आहेत हे त्याला कोण सांगणार? म्हणून दोन्ही रूपं शेजारी शेजारी, आणि नामाच्या मागे तो, ती, ते:

तो कावळा, कावळ्याने – काग
तो दगड – ढुंगा
ती चोच – चुच्चो
ती विहीर, विहिरीवर – चित्र
तो पऱ्या, पऱ्यावर – चित्र
ते मडकं, मडक्यात – घैंटो
ते पान – पात
ते पाणी – पानी
ते ऊन – घाम

उजवीकडचे शब्द मी लिहिलेले नाहीत. एका मुलाच्या वडिलांनी संध्याकाळी शाळेच्या पायरीवर बसून लिहून दिले. आधी ते म्हणाले, 'बाई, हे माझं काम नाही.' मग मुलाने पेन हातात दिलं. विहिरीच्या आणि पऱ्याच्या ठिकाणी मीच चित्र काढलं, कारण कोकणातला पऱ्या म्हणजे पावसात धो धो आणि फेब्रुवारीत नुसते गोटे, याला एका शब्दात सांगता येणार नाही. ऊन या शब्दापुढे त्यांनी 'घाम' लिहिलं आणि कागद भिंतीवर लागल्यावर आमच्या पोरांना हसू आवरेना. नेपाळीत घाम म्हणजेच ऊन. आणि 'ऊन' हा शब्दही नेपाळीत आहे, पण तिथे तो लोकरीला. म्हणजे शब्दार्थ नसते तर त्या मुलाने गोष्टीची पहिलीच ओळ 'लोकर होती, खूप लोकर होती' अशी वाचली असती आणि लिपी ओळखीची असल्यामुळे त्याला शंकाही आली नसती. अगदी परका शब्द मूल विचारतं. ओळखीचा वाटणारा विचारत नाही. म्हणून शब्द निवडताना आता मी कठीण शब्दांच्या आधी हे असले चकवे शोधते. त्यासाठी पालकांबरोबर एकदा पान वाचून घ्यावं लागतं, दुसरा उपाय नाही.

उजव्या रकान्याला मर्यादाही आहे. थारू घरातली ती मुलगी नेपाळी शाळेत शिकली होती, घरी बोलत ती थारूच. तिच्या धाकट्या भावाला तर नेपाळीही अर्धवट. त्याच्या कागदावर रकाना कोरा ठेवला आणि त्याने सगळीकडे चित्रं काढली. कावळ्याचं चित्र कोंबडीसारखं आलं. चोच मात्र भली मोठी काढली होती.

'कावळा' हा उच्चार या मुलांना साधत नाही, ते 'कावला' म्हणतात. नेपाळीत ळ नाही. मी तिथे अडवत नाही. एका वाक्यात लिंग जुळवायचं, शब्द आठवायचा आणि वर जीभही वळवायची, एवढं एकदम मागितलं तर मूल गप्प बसतं. ळ ऐकून ऐकून येतो. गावच्या पोरांनी मात्र हसायचं नाही, एवढा कडक नियम.

तात्पर्यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवला असेन. पुस्तकांत या गोष्टीखाली 'गरज ही शोधाची जननी' किंवा 'शक्तीपेक्षा युक्ती श्रेष्ठ' असलं काहीतरी असतं. वाक्यं चांगली आहेत, पण त्यांतला एकही शब्द गोष्टीत आलेला नसतो. नवशिक्याने सगळी गोष्ट पार करून शेवटी भिंतीवर डोकं आपटायचं. माझी अट अशी की तात्पर्यात एक शब्दही असा नको ज्याने मूल अडेल. 'थोडं' गोष्टीत आहे, 'आलं' गोष्टीत आहे. 'पुष्कळ' हा एकच नवा, आणि तो ग्लासाकडे हात करून सांगता येतो. 'थेंबे थेंबे तळे साचे' ही म्हण इथे शोभली असती, पण ती या मुलांसाठी पुढच्या वर्षाची.

तात्पर्य कळलं की नाही हे 'तात्पर्य सांग' म्हणून कळत नाही, ते पाठ होतं. मी सांगते, तुझं वाक्य कर. साचा तोच ठेवायचा, कावळा काढून टाकायचा. पायरीवर बसून ज्यांनी शब्द लिहून दिले त्यांच्या मुलाने एप्रिलच्या सुरुवातीला, काढणी जोरात असताना, हे सुरू केलं: 'बाबाने आंबा...' आणि थांबला. मला वाटलं 'काढला' आठवत नसेल. मी म्हटलं, 'टाकला?' त्याने जोरात मान हलवली. आंबा टाकत नाहीत, बाई! टाकला तर डाग पडतो. झेल्याने देठासकट उतरवायचा, चीक फळावर येऊ द्यायचा नाही, आणि पेटीत हळूच... त्याने हाताने करून दाखवलं. शब्द नव्हता त्याच्याकडे. वर्गातली एक मुलगी म्हणाली, 'ठेवला.' मग त्याने लिहिलं:

बाबाने आंबा ठेवला. पेटी थोडी भरली.
बाबाने आंबा ठेवला. पेटी थोडी भरली.
बाबाने कैरी ठेवली. मालक ओरडला.

तिसरी ओळ वाचून अख्खा वर्ग लोळला. त्याने पानाची ओळ ओळखली होती आणि स्वतःच्या गोष्टीत साचा नेमका तिसऱ्याच जागी मोडला होता. 'ठेवला'चं 'ठेवली'ही त्याने न सांगता केलं. 'पेटी थोडं भरलं' असं न लिहिता 'थोडी भरली' लिहिलं, हे तर मी त्याला कधी शिकवलंच नव्हतं.

बागांखेरीज बांधकामावर आणि चिऱ्याच्या खाणींवर कर्नाटकातून आलेली कुटुंबं आहेत, त्यांची मुलंही अधूनमधून येतात. हेच पान मी एका कन्नड बोलणाऱ्या मुलापुढे ठेवलं तेव्हा सगळं उलटं निघालं. त्याला देवनागरी येत नव्हती, म्हणून लिपीचा चकवा नाही. कन्नडमध्ये ळ आहे, त्यामुळे 'कावळा' त्याच्या तोंडून पहिल्याच दिवशी स्वच्छ. 'विहिरीवर गेला, तिथे पाणी नव्हतं' हेही झटकन जमलं. पण करणाऱ्याला '-ने' लावायची सवय त्याच्या भाषेला नाही, तिथे कावळा हा कावळाच राहतो. 'कावळा दगड टाकला, कावळा गोटी टाकला' असं तो ठामपणे म्हणत राहिला. त्याच्यासाठी दगडाच्या ओळींच्या आधी आणखी काही ओळी लागतात, ज्यांत वस्तू एकच राहील आणि टाकणारा बदलेल: कावळ्याने दगड टाकला, चिमणीने दगड टाकला, माकडाने दगड टाकला. त्या ओळी सध्या पेन्सिलने समासात लिहिल्या आहेत, आणि त्याच्या आईने सांगितलेले कन्नड शब्द मी माझ्या अक्षरात, चुकतमाकत, उजव्या रकान्यात.